तत्सम शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ: सीमाभागातील संपादकांसाठी टप्प्याटप्प्याने

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात छापल्या जाणाऱ्या मराठी स्मरणिका, बातमीपत्रे आणि निमंत्रणपत्रिका वाचल्या की वेलांटी-उकाराच्या चुका ठरावीक जागी दिसतात. ‘विद्यार्थीनी’, ‘स्मृतीचिन्ह’, ‘आरोग्य शिबीर’, ‘शुद्धिकरण’, ‘गुरुंच्या हस्ते’. यातल्या बऱ्याच चुका नियम माहीत असलेल्या माणसाच्याच हातून होतात. ‘शेवटची वेलांटी दुसरी’ हे त्याला ठाऊक असते. ती शेवटची वेलांटी समासात गेली की ‘शेवटची’ राहत नाही, हे मात्र लक्षात येत नाही.

म्हणून या लेखात मराठी शुद्धलेखनाचे सगळे नियम घेतलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या 18 नियमांपैकी (1962 मधले 14 आणि 1972 मधले 4) तत्सम शब्दांच्या इ-ई आणि उ-ऊ यांना लागू होणारा भाग तेवढा इथे आहे. तोही संपादकाने ज्या क्रमाने हाताळावा त्या क्रमाने मांडला आहे. क्रम मोडला की एका नियमाने केलेली दुरुस्ती दुसरा नियम उलटवतो.

तयारी

टेबलावर दोन गोष्टी हव्यात. एक मराठी शब्दकोश, आणि ज्यात शब्द मूळ रूपात सापडेल असा एक संस्कृत शब्दकोश. दुसरा कोश बहुतेक कचेऱ्यांत नसतो. ‘कवी’ आणि ‘नदी’ मराठीत सारखेच दिसतात. पण संस्कृतात एक ‘कवि’ आहे आणि दुसरी ‘नदी’. हा फरक मराठी कोशात चटकन दिसत नाही, आणि समास लिहिताना नेमका तोच लागतो.

सीमाभागातल्या संपादकाच्या हाताशी तिसरे साधन आयतेच असते, ते म्हणजे कन्नड. मराठी बोलताना वेलांटी पहिली की दुसरी हे कानाला फारसे कळत नाही. कन्नडमध्ये हा भेद उच्चारात आणि लिपीत दोन्हीकडे जिवंत आहे. पण हे साधन अर्धेच उपयोगी पडते.

शब्दाच्या मध्ये कन्नडवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. कन्नडमध्ये परीक्षेला ‘परीक्षे’, पूजेला ‘पूजे’ म्हणतात. ‘ग्रामीण’, ‘नागरिक’, ‘शिबिर’, ‘मंदिर’, ‘आशीर्वाद’, ‘अधीक्षक’ हे शब्दही तिथे संस्कृतातल्या मात्रा जशाच्या तशा सांभाळतात. तेव्हा ‘शिबिर की शिबीर’ अशी अडचण आली तर शेजारच्या टेबलावरच्या कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याला शब्द उच्चारायला सांगावा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते.

शब्दाच्या शेवटी मात्र कन्नडवर भिस्त ठेवू नये. तिथे ‘समिति’, ‘कवि’, ‘गुरु’ लिहितात आणि ‘नदि’, ‘देवि’, ‘पत्नि’ असेही लिहितात. म्हणजे संस्कृतातला शेवटचा स्वर ऱ्हस्व असो वा दीर्घ, सुट्या शब्दात तो ऱ्हस्वच होतो. मराठीचा कल नेमका उलटा, दोन्ही दीर्घ करण्याचा. शाळा कन्नड माध्यमाची आणि लेखन मराठीत, अशा वार्ताहराच्या मजकुरात ‘समिति’, ‘विधि’, ‘प्रगति’ हमखास येतात ते यामुळेच.

*सावधान:* एखादा शब्द कन्नडमध्येही आहे म्हणून तो तत्सम ठरत नाही. वकील आणि जमीन दोन्ही भाषांत आहेत, पण दोन्ही फारसी-अरबीकडून आलेले आहेत.

टप्पा 1: शब्द तत्सम आहे का, हे आधी ठरवा

संस्कृतातून आलेला प्रत्येक शब्द तत्सम नसतो. संस्कृतातल्याच रूपात मराठीत वापरला जातो तो तत्सम. रूप बदलून आला की तो तद्भव, आणि मग त्याला मराठीचे नियम लागतात. जोड्या लावून पाहिल्या की हे पटकन ध्यानात येते. दीप तत्सम, दिवा तद्भव. दीपावली तत्सम, दिवाळी तद्भव. सूचना तत्सम, सुचणे मराठी. जीवन तत्सम, जिवंत मराठी. ‘दिपावली’ लिहिणारा माणूस ‘दिवाळी’ची वेलांटी ‘दीपावली’त नेत असतो.

शब्दात ऋ, ष, क्ष, ज्ञ किंवा विसर्ग असला तर तो बहुधा तत्सम असतो. पण या खुणा नसल्या म्हणून तत्सम नाही, असे ठरवू नये. ‘गीत’, ‘नीती’, ‘विधी’, ‘शिबिर’ यांत यातली एकही खूण नाही. अशा वेळी कोशच पाहावा.

*पडताळा:* शब्दाचे सामान्यरूप करून पाहा. जाणकार लिहिणाऱ्याच्या हातून मधली दीर्घ मात्रा आपसूक ऱ्हस्व होत असेल (वकील-वकिलाला, जमीन-जमिनीत, निवडणूक-निवडणुकीत), तर शब्द बहुधा तत्सम नाही.

टप्पा 2: शब्दाच्या मधली मात्रा

तत्सम शब्दाच्या मधला इकार-उकार मुळात जसा आहे तसाच राहतो. मराठी शब्दांना लागणारे उपान्त्य अक्षराचे नियम इथे लागत नाहीत. अ-कारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो: गरीब, वीट, फूल, मिरवणूक. हीच सवय तत्सम शब्दांवर लादली की ‘शिबीर’, ‘मंदीर’, ‘नागरीक’, ‘चतूर’ तयार होतात. बरोबर रूपे शिबिर, मंदिर, नागरिक, चतुर.

याचे सीमाभागातले सर्वांत जिव्हारी लागणारे उदाहरण ‘दिन’. 17 जानेवारीला हुतात्मा दिन आणि 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळला जातो. दोन्हीत पहिली वेलांटी. ‘दीन’ हाही तत्सम शब्दच आहे, पण त्याचा अर्थ गरीब, केविलवाणा. ‘हुतात्मा दीन’ असा फलक लागला तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि अशी चूक फलकावर सगळ्यांच्या नजरेत भरते.

दुसरी सवय जोडाक्षराची. मराठी शब्दात जोडाक्षराआधी मात्रा ऱ्हस्व असते (शिस्त, मुक्काम). त्या नादात ‘पुर्ण’, ‘मुर्ती’, ‘उर्जा’, ‘किर्ती’ लिहिले जाते. तत्सम शब्दांत पूर्ण, मूर्ती, ऊर्जा, कीर्ती, सूर्य, मूल्य, तीर्थ हे सगळे दीर्घच. ‘आशिर्वाद’ही याच कारणाने चुकतो. बरोबर रूप आशीर्वाद.

शब्द आठवत नसेल तर त्याचा शेवट पाहावा. ‘-इक’ प्रत्यय ऱ्हस्व असतो: सामाजिक, आर्थिक, नागरिक. ‘-ईय’ दीर्घ: शासकीय, राष्ट्रीय, माननीय. ‘-ईन’ किंवा ‘-ईण’ बहुधा दीर्घ: प्राचीन, नवीन, ग्रामीण (‘मलिन’सारखे अपवाद आहेत). ‘-इत’ ऱ्हस्व: प्रकाशित, लिखित, आयोजित. ‘गृहीत’, ‘विपरीत’ असे काही शब्द मात्र या ओळीत बसत नाहीत. ‘गृहित धरणे’ हे रूप इतके रुळले आहे की पुष्कळांना ‘गृहीत’च चुकीचे वाटते.

उपसर्गांत मात्रा ऱ्हस्वच: परि-, प्रति-, अति-, अधि-, अभि-, अनु-, वि-, नि-, सु-. म्हणून परिषद, प्रतिनिधी, अधिकारी, अनुदान. उपसर्गाच्या इकारापुढे इ किंवा ई आली तर संधी होऊन दीर्घ येतो: परि + ईक्षा = परीक्षा, प्रति + ईक्षा = प्रतीक्षा, अधि + ईक्षक = अधीक्षक, अभि + इष्ट = अभीष्ट. ‘निरीक्षक’ मात्र निर् + ईक्षक. तिथे ‘नि’ पहिलाच आणि ‘री’ दुसरी.

टप्पा 3: सामान्यरूप आले तरी मधली मात्रा हलवू नका

हा टप्पा दुसऱ्याचाच भाग आहे, पण चुका इतक्या होतात की वेगळा काढावा लागला. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की मधली दीर्घ मात्रा ऱ्हस्व होते: फूल-फुलाला, गरीब-गरिबांना, मिरवणूक-मिरवणुकीत. तत्सम शब्दात तसे होत नाही. शरीर-शरीरात, गीत-गीताने, सूत्र-सूत्रानुसार, रूप-रूपाने, ग्रामीण-ग्रामीणांना.

सगळ्यात जास्त मार खातो तो ‘स्वरूप’. ‘स्वरुपात’ हे रूप बातम्यांत रोज दिसते. बरोबर रूप ‘स्वरूपात’.

उलटी बाजू गावांच्या नावांची. ‘पुर’ हा संस्कृत शब्द ऱ्हस्व असला तरी मराठीत गावाच्या नावाला लागताना ‘पूर’ दीर्घ लिहायचा असा स्वतंत्र नियम आहे: खानापूर, कोल्हापूर, सोलापूर. कन्नडमध्ये तेच नाव ‘खानापुर’ होते. त्यामुळे कन्नड पाटी पाहून मराठी बातमी करणाऱ्याच्या हातून ‘खानापुर’ उतरतो. सामान्यरूपात मात्र हा ‘पूर’ मराठी शब्दासारखा वागतो: खानापुरात, कोल्हापुरातून. म्हणजे ‘खानापूर तालुका’ आणि ‘खानापुरात सभा’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एकाच बातमीत दोन्ही दिसली तर एकसारखी करायला जाऊ नका.

टप्पा 4: शेवटची मात्रा, सुट्या शब्दात आणि प्रत्ययाआधी

हा नियम सोपा आहे. तत्सम नाम किंवा विशेषण सुटे असेल तर शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गती, समिती, विधी, गुरू, वायू, साधू. विभक्तिप्रत्यय लागला तरी दीर्घ: कवीने, समितीच्या, गुरूला, साधूंनी. शब्दयोगी अव्यय जोडले तरी दीर्घच: समितीसमोर, गुरूप्रमाणे, भूमीवर, पद्धतीनुसार.

‘गुरुंच्या हस्ते’ ही चूक यातूनच होते. ‘गुरुवार’, ‘गुरुकुल’, ‘गुरुदक्षिणा’ हे समास रोज डोळ्यांखालून जातात आणि त्यांतला ऱ्हस्व हाताला लागून राहतो. पण ‘च्या’ हा प्रत्यय आहे, पद नव्हे. तेव्हा ‘गुरूंच्या हस्ते’.

अव्यये याला अपवाद. परंतु, तथापि, यद्यपि, अद्यापि, किंतु हे ऱ्हस्वान्तच लिहायचे. संस्कृत अव्ययीभाव समासही तसेच: यथाशक्ति, यथामति. ‘शक्ती’ दीर्घ आणि ‘यथाशक्ति’ ऱ्हस्व हे विचित्र वाटते. पण ‘यथाशक्ति’ला ‘ने’, ‘ला’ लागत नाही, ते क्रियाविशेषण आहे, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

टप्पा 5: शेवटची मात्रा, समासाच्या पहिल्या पदात

खरी कसोटी इथे लागते. समासात तत्सम शब्द पहिल्या जागी आला की तो आपल्या संस्कृत रूपात परत जातो. मूळ ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व, दीर्घ असेल तर दीर्घ. म्हणून कविसंमेलन, पण नदीतीर. बुद्धिवैभव, पण लक्ष्मीपुत्र. गुरुकृपा, पण वधूवर.

मूळ रूप ओळखायला दरवेळी कोश उघडावा लागत नाही. उ-कारान्त शब्दांत दीर्घ फारच थोडे आहेत: वधू, भू, चमू. बाकीचे नेहमीचे शब्द ऱ्हस्व: पशुपक्षी, साधुसंत, वायुसेना, लघुकथा.

इ-कारान्तांत दोन मोठे गट पडतात. क्रियेतून निघालेली ‘-ति’, ‘-टि’, ‘-धि’ अशी स्त्रीलिंगी भाववाचक नामे मुळात ऱ्हस्व: स्मृतिदिन, भक्तिगीत, निवृत्तिवेतन, क्रांतिवीर, दृष्टिकोन, बुद्धिमत्ता. स्त्रीवाचक शब्द आणि पुल्लिंगी शब्दाला ‘ई’ लागून झालेली स्त्रीलिंगी रूपे मुळात दीर्घ: देवीभक्त, स्त्रीशिक्षण, पत्नीप्रेम. सरस्वती, पार्वती, सती यांत ‘ती’ असली तरी ती दुसऱ्या गटातली. भूमी, अग्नी, ध्वनी, मणी, कृषी, जाती, पती हे शब्द मुळात ऱ्हस्व आहेत: भूमिपूजन, अग्निशमन, ध्वनिक्षेपक, कृषिमंत्री, जातिभेद, पतिपत्नी.

‘वसतिगृह’ इथेच येतो. मूळ ‘वसति’ ऱ्हस्व. मराठीत ‘वसती’ हा शब्द सुटाही वापरला जातो, म्हणून फलकांवर ‘वसतीगृह’ रंगवले जाते.

संस्कृत प्रत्यय लागला तरी हाच हिशेब: कवित्व, शक्तिमान, व्यक्तिशः, पण स्त्रीत्व. वारांची नावे नीट पाहिली तर हा नियम रोज समोर असतो. सुटे ‘रवी’, ‘शनी’, ‘गुरू’ आणि समासात रविवार, शनिवार, गुरुवार.

समास आहे की शब्दयोगी अव्यय, हे ठरवताना गोंधळ होतो. तेव्हा दुसऱ्या भागाकडे पाहा. त्याला स्वतंत्रपणे प्रत्यय लागतो का? पुत्र-पुत्राला, पूजन-पूजनाला, म्हणून भूमिपुत्र, भूमिपूजन. ‘वर’, ‘समोर’, ‘प्रमाणे’, ‘विषयी’ यांना असा प्रत्यय लागत नाही, म्हणून भूमीवर, भूमीविषयी.

*सावधान, तोडलेला समास:* सगळ्यात वाईट अवस्था ‘कृति समिती’ किंवा ‘कृतीसमिती’ची. जोडून लिहिणार असाल तर ‘कृतिसमिती’. तोडून लिहिणार असाल तर पहिला शब्द सुटा झाला, मग ‘कृती समिती’. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे नको. नियमाला धरून समास जोडून लिहिणे बरे. पण लांब नावांत तोडायचे ठरवले असेल तर अंकभर तेच पाळावे. संस्थेच्या नोंदणीकृत नावात मात्र हात घालू नये. ते जसे नोंदले आहे तसेच छापावे.

टप्पा 6: ‘इन्’वाले शब्द आणि ‘करण’वाले शब्द

विद्यार्थी, मंत्री, प्राणी, पक्षी, योगी, कर्मचारी, अधिकारी या शब्दांच्या शेवटची ‘ई’ दिसायला नदीच्या ‘ई’सारखी आहे, पण संस्कृतात हे शब्द ‘-इन्’ने संपतात: विद्यार्थिन्, मंत्रिन्. मराठीत सुटे असताना दीर्घ, समासात ऱ्हस्व. मंत्रिमंडळ, प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, विद्यार्थिसंघटना, कर्मचारिवर्ग.

ओळखायची युक्ती साधी आहे. असा तत्सम पुल्लिंगी शब्द सामान्यरूपात ‘या’ घेतो: विद्यार्थ्याला, मंत्र्याला, प्राण्याला, पक्ष्याला. कवीला ‘कव्याला’ होत नाही, मुनीला ‘मुन्याला’ होत नाही. तत्सम शब्दाने ‘या’ घेतला की तो ‘इन्’वाला समजावा.

याच कुळातून स्त्रीलिंगी रूप निघते: विद्यार्थिन् + ई = विद्यार्थिनी. ‘थि’ पहिली, ‘नी’ दुसरी. ‘विद्यार्थीनी’ लिहिणारा ‘विद्यार्थी’ या मराठी रूपाला ‘नी’ जोडत असतो, आणि ती बेरीजच चुकीची आहे. योगिनी, स्वामिनी यांतही तसेच.

‘करण’, ‘भूत’, ‘कृत’ यांनी संपणाऱ्या शब्दांची रचना निराळी. त्यात पहिल्या शब्दाचे मूळ रूप टिकत नाही. ‘पूर्वी नव्हते ते करणे’ या अर्थी संस्कृत व्याकरण तिथे दीर्घ ‘ई’ आणते. एकीकरण, वर्गीकरण, सुलभीकरण, नूतनीकरण, भस्मीभूत. ‘एकीकरण’ सीमाभागात कोणी चुकत नाही, कारण ते रोज डोळ्यांपुढे असते. पण त्याच घराण्यातला ‘शुद्धीकरण’ मात्र ‘शुद्धिपत्रा’कडे पाहून ऱ्हस्व केला जातो. ‘शुद्धिपत्र’ म्हणजे शुद्धीचे पत्र, तो समास. ‘शुद्धीकरण’ म्हणजे शुद्ध करणे. तिथला दीर्घ ‘शुद्धि’चा नसून ‘शुद्ध’ला लागलेल्या ‘ई’चा आहे.

एक मजकूर, क्रमाने तपासलेला

वार्ताहराकडून येतो तसा हा नमुना:

> खानापुर तालुक्यातील ग्रामिण भागाच्या विद्यार्थीनींसाठी रवीवारी आरोग्य शिबीर झाले. नदिकाठच्या मंदीरात दिपप्रज्वलन झाल्यावर गुरुंच्या हस्ते स्मृतीचिन्हे देण्यात आली. परिक्षेत पहिल्या आलेल्या मुलींचा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा सत्कार झाला. जलशुद्धिकरण यंत्राचे उद्घाटन समितीप्रमुखांनी केले. यथाशक्ती मदत करणाऱ्यांना मंत्रीमहोदयांनी धन्यवाद दिले.

पहिल्या फेरीत फक्त मधल्या मात्रा पाहाव्यात. ग्रामीण, शिबिर, मंदिरात, दीपप्रज्वलन, परीक्षेत एवढ्या दुरुस्त होतात, आणि गावाच्या नावाच्या नियमाने ‘खानापूर’. ‘वनपरिक्षेत्र’वर पेन थबकते, पण तो परि + क्षेत्र. पुढे ई नाही, संधी नाही, म्हणून ‘रि’ पहिलीच राहते.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या मात्रा, सुट्या आणि प्रत्ययासह. ‘गुरुंच्या’चे ‘गुरूंच्या’ आणि ‘यथाशक्ती’चे ‘यथाशक्ति’. एक दीर्घ झाला आणि दुसरा ऱ्हस्व. ही फेरी सरसकट ‘दीर्घ करा’ असे म्हणून उरकता येत नाही ती याच कारणाने.

तिसऱ्या फेरीत समास. रविवारी (मूळ रवि), स्मृतिचिन्हे (मूळ स्मृति), समितिप्रमुखांनी (मूळ समिति). ‘नदी’ मुळातच दीर्घ आहे, म्हणून नदीकाठच्या. दुसरे पद ‘काठ’ मराठी आहे म्हणून काही फरक पडत नाही. ‘समितिप्रमुख’ डोळ्यांना खटकत असेल तर ‘समितीच्या प्रमुखांनी’ करावे. बातमीत ते जास्त सहज वाचले जाते. शेवटी ‘इन्’ आणि ‘करण’: विद्यार्थिनींसाठी, मंत्रिमहोदयांनी, जलशुद्धीकरण.

> खानापूर तालुक्यातील ग्रामीण भागाच्या विद्यार्थिनींसाठी रविवारी आरोग्य शिबिर झाले. नदीकाठच्या मंदिरात दीपप्रज्वलन झाल्यावर गुरूंच्या हस्ते स्मृतिचिन्हे देण्यात आली. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलींचा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा सत्कार झाला. जलशुद्धीकरण यंत्राचे उद्घाटन समितिप्रमुखांनी केले. यथाशक्ति मदत करणाऱ्यांना मंत्रिमहोदयांनी धन्यवाद दिले.

पाच वाक्यांत 15 दुरुस्त्या झाल्या, आणि एक शब्द चुकीचा वाटूनही तसाच ठेवावा लागला. ‘आरोग्य शिबिर’ तोडून लिहिले आहे ते चालते, कारण ‘आरोग्य’च्या शेवटी इकार-उकारच नाही.

टप्पा 7: संगणकावर शोधून बदलताना

वर दिलेल्या चुका ठरावीक आहेत, म्हणून ‘शोधा आणि सगळे बदला’ असे करून एका फटक्यात काढाव्याशा वाटतात. काही शब्दांना ते चालते. ‘विद्यार्थीनी’, ‘शुद्धिकरण’, ‘स्मृतीचिन्ह’, ‘आशिर्वाद’ हे तुकडे कुठल्याही बरोबर शब्दात सापडत नाहीत. ते बेधडक बदलावेत.

पण शब्दाचा लहान तुकडा शोधला की घात होतो. ‘रुप’चे ‘रूप’ केले तर ‘स्वरुपात’ सुधारतो आणि अंकातले सगळे ‘रुपये’ ‘रूपये’ होतात. जाहिरातींच्या पानावर ते फारच उठून दिसते. ‘पुर’चे ‘पूर’ केले की पुरस्कार, पुरवठा, पुरुष हे सगळे बिघडतात, आणि बरोबर असलेला ‘खानापुरात’सुद्धा. ‘परिक्षे’चे ‘परीक्षे’ केले की ‘परिक्षेत’ सुधारतो आणि ‘परिक्षेत्र’ मोडतो. ‘प्रतिक्ष’ शोधला तर ‘प्रतिक्षा’बरोबर ‘प्रतिक्षण’ही जाळ्यात येतो, आणि तो बरोबर शब्द आहे.

म्हणून असे तुकडे एकेक पाहूनच बदलावेत. बदल झाल्यावर नव्या रूपाचा उलट शोध घ्यावा: ‘रूपय’, ‘पूरस्क’, ‘पूरवठ’, ‘पूरुष’, ‘परीक्षेत्र’, ‘प्रतीक्षण’. यातले एकही सापडता कामा नये. सापडले तर शेवटचा बदल मागे घ्यावा आणि त्या शब्दांवरून पुन्हा हाताने फिरावे.

मथळे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि जाहिराती बहुधा वेगळ्या फायलींत असतात. तिथे हा शोध पोचत नाही. मथळ्यात ‘काळा दिन’चा ‘काळा दीन’ होऊ नये, म्हणून मथळ्यांचे पान शेवटी छापील प्रतीवर पेनने तपासावे.